रूटचे लॉगिन वाटून घेऊ नका: आमच्या शिक्षण मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य

विषय: प्रवेश पोर्टलच्या क्लाउड खात्याबाबतचे परिपत्रक मागे घेण्याविषयी

स. न. वि. वि.

मंडळाने आपल्या सर्व महाविद्यालयांना नुकतेच जे परिपत्रक पाठवले, त्यात प्रवेश पोर्टलबद्दल तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पोर्टल ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, ज्या खात्यावर चालते त्याचे रूट लॉगिन सचिव कार्यालय, प्रत्येक महाविद्यालयाचे कार्यालय आणि पोर्टल बनवणारा ठेकेदार यांनी मिळून वापरायचे. लॉगिनच्या वेळी लागणाऱ्या ओटीपीसाठी कोणाची वाट पाहायला लागू नये म्हणून त्याचा क्यूआर कोड सर्वांनी आपापल्या फोनवर स्कॅन करून घ्यायचा. आणि पोर्टलच्या सर्व्हरवर रूटचीच ॲक्सेस की ठेवायची, जेणेकरून परवानगीचे एरर येणार नाहीत.

आम्ही या मंडळाचे माजी विद्यार्थी आहोत आणि क्लाउड व माहिती-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. आमच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले आणि आधारच्या प्रती याच खात्यात पडून आहेत. आता आमच्यापैकी काहींच्या मुलांच्याही आहेत. म्हणून हा प्रश्न आमचाही आहे. मंडळाचे नाव या पत्रात मुद्दाम घातलेले नाही, कारण खाते आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत नाव छापणे म्हणजे हल्लेखोराला पत्ता देणे होईल.

आधी रूट म्हणजे काय ते सांगतो, कारण परिपत्रकात त्याला 'मुख्य लॉगिन' म्हटले आहे आणि त्याने गैरसमज होतो. एडब्ल्यूएसचे खाते ज्या ईमेलवर उघडले तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड म्हणजे रूट. इतर कोणतेही लॉगिन किंवा रोल, म्हणजे माणसाने वा सर्व्हरने कामापुरती घ्यायची ओळख, तयार झाला की त्याच्याकडे सुरुवातीला कसलीही परवानगी नसते. पॉलिसी, म्हणजे कोणाला काय करता येईल याचे नियम, लिहून एकेक काम मोकळे करावे लागते, आणि एखाद्या पॉलिसीत स्पष्ट `Deny` असेल तर बाकी कितीही ठिकाणी `Allow` असले तरी `Deny` जिंकतो. रूट या व्यवस्थेच्या बाहेर आहे. आयएएम, म्हणजे एडब्ल्यूएसची परवानग्यांची व्यवस्था, तिच्यातली खात्याच्या आतली कोणतीही पॉलिसी त्याला जोडताच येत नाही. एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशन्समध्ये वरच्या खात्यातून खालच्या खात्यांच्या रूटवर मर्यादा घालता येतात, पण आपले खाते एकटेच आहे, त्यामुळे तोही मार्ग आज बंद. म्हणजे परिपत्रकानुसार कार्यालयातल्या ज्या कारकुनाला फक्त एका अर्जाची पीडीएफ पाहायची आहे, त्याच्या हातात संपूर्ण खाते कायमचे बंद करण्याचे बटणही आहे.

पहिला आक्षेप: समाईक लॉगिन आणि वाटलेला क्यूआर

एडब्ल्यूएसने २०२४ पासून एकट्या खात्यांच्या रूटला दुसरा पडताळा, म्हणजे एमएफए, सक्तीचा केला आहे. परिपत्रकाने ही सक्ती कागदावर पाळली आणि तिचा अर्थ काढून टाकला. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ अंकी आकडा कुठूनही येत नसतो. क्यूआरमध्ये एक गुप्त बीज असते आणि फोन त्यावरून व घड्याळावरून तो आकडा स्वतः काढतो. ज्याच्याकडे त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट आहे त्याला तोच आकडा, त्याच क्षणी, कायम मिळत राहणार. व्हॉट्सॲप ग्रुपवरून तो फोटो डिलीट केल्याने काही होत नाही आणि पासवर्ड बदलूनही बीज बदलत नाही. ते बदलायचे तर जुने एमएफए साधन खात्यातून काढून नवे नोंदवावे लागते. ठेकेदाराकडचा एखादा मुलगा नोकरी सोडून गेला, त्या दिवशी हे कोण करणार आहे?

'आमची माणसे विश्वासू आहेत' हे उत्तर आम्हाला मिळाले आहे, आणि त्याबद्दल आमची शंका नाही. पण विश्वासू माणसाचा संगणक विश्वासू असतोच असे नाही. फीच्या पावतीच्या नावाखाली आलेली फाइल उघडून ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड चोरीला जातो, तेव्हा माणसाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरे असे की काही बिघडल्यावर कोणी केले ते कळणार नाही. एडब्ल्यूएसमध्ये कोणी काय केले याची नोंद क्लाउडट्रेल ठेवते, आणि प्रत्येक नोंदीत `userIdentity` नावाचा भाग असतो. वेगळी लॉगिन असतील तर तिथे त्या-त्या माणसाचे किंवा रोलचे नाव येते. आपल्याकडे प्रत्येक ओळीवर फक्त `Root` येईल. मग उरतो आयपी पत्ता, आणि एका महाविद्यालयातले सगळे संगणक एकाच आयपीने बाहेर पडतात. त्यात या नोंदी आपोआप फक्त ९० दिवस दिसतात. त्यापुढे हव्या असतील तर वेगळी ट्रेल सुरू करून त्या साठवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ठेकेदार ही कंपनी असल्याने त्याला ते लागूच आहे. ६ तासांत तो काय कळवणार, 'रूटने केले' एवढेच?

दुसरा आक्षेप: सर्व्हरवरची रूटची की

या मुद्द्यावर जरा थांबावे लागेल, कारण सर्वांत मोठा धोका इथे आहे आणि परिपत्रकात त्याला एकच ओळ दिली आहे.

ॲक्सेस की म्हणजे प्रोग्रामसाठीचे लॉगिन. `AKIA` ने सुरू होणारा एक क्रमांक आणि त्याच्यासोबत एक गुप्त मजकूर. तिला मुदत नसते, आणि रूटच्या कीने काम करताना एमएफए विचारलाही जात नाही. म्हणजे वर ज्या दुसऱ्या पडताळ्याची चर्चा केली, तो या वाटेवर मुळात नाहीच. ही की सर्व्हरवरच्या `.env` या सेटिंगच्या फाइलमध्ये पडून राहते. ती फाइल बॅकअपमध्ये जाते, ठेकेदाराच्या लॅपटॉपवर जाते, चुकून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर जाते. सार्वजनिक गिटहबवर पडलेल्या अशा की शोधणारे प्रोग्राम सतत चालू असतात.

परवानगीचे एरर येऊ नयेत म्हणून रूट वापरायचे, हे कारण कुठून आले तेही आम्हाला ठाऊक आहे. पोर्टलला खरोखर काय लागते ते पाहू. विद्यार्थी कागदपत्र चढवतो, नंतर तेच पाहतो. समजा एस३ या एडब्ल्यूएसच्या फाइल साठवण्याच्या सेवेतल्या साठ्याचे, म्हणजे बकेटचे, नाव `pravesh-kagadpatre` आहे आणि अर्जदारांच्या फाइली `arjdar/` खाली आहेत. पोर्टलच्या रोलला लागणारी पॉलिसी एवढीच:

```json
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Effect": "Allow",
    "Action": ["s3:PutObject", "s3:GetObject"],
    "Resource": "arn:aws:s3:::pravesh-kagadpatre/arjdar/*"
  }]
}
```

यात `s3:DeleteObject` नाही आणि `s3:ListBucket` ही नाही. पोर्टलला प्रत्येक फाइलचा पत्ता स्वतःच्या डेटाबेसमधून कळतो, त्यामुळे यादी मागण्याचे त्याला काही कारण नाही. पोर्टलमध्ये भोक पडले तरी आत आलेल्याला फाइलींची यादी काढता येणार नाही आणि काही कायमचे पुसताही येणार नाही. `PutObject` ने जुन्या फाइलवर नवी लिहिता येते ही उणीव राहते. ती बकेटवर व्हर्जनिंग सुरू करून भरून निघते, कारण मग जुनी प्रत मागे शिल्लक राहते. आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की ही पॉलिसी पोर्टलला एका विद्यार्थ्याची फाइल दुसऱ्याला दाखवण्यापासून रोखत नाही. ती जबाबदारी पोर्टलच्या कोडची आहे.

आता एरर का येतात ते. पहिले कारण असे की `GetObject` फाइलींवर चालते, म्हणून त्याच्या `Resource` मध्ये शेवटी `/*` लागतो. `ListBucket` बकेटवर चालते, तिथे `/*` चालत नाही. दोन्ही एकाच ओळीत लिहिले की त्यातले एक चालते, दुसरे `AccessDenied` देते, आणि कंटाळलेला प्रोग्रामर `s3:*` आणि `"Resource": "*"` लिहून मोकळा होतो. दुसरे कारण जास्त फसवे आहे. रोलला `ListBucket` नसेल आणि मागितलेली फाइल अस्तित्वातच नसेल, तर एस३ '४०४, सापडली नाही' असे न सांगता '४०३, परवानगी नाही' असे सांगते. फाइल आहे की नाही हेसुद्धा ज्याला अधिकार नाही त्याला कळू नये म्हणून. ठेकेदाराला परवानगीची अडचण वाटते, प्रत्यक्षात फाइलच्या नावात स्पेलिंगची चूक असते. यावर रूटची की हा उपाय नाही. नाव तपासणे हा आहे.

जरुरीपुरतीच परवानगी देण्याचे हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच मांडून ठेवले आहे. ते पाळले नाही तर काय होते याचे ठळक उदाहरण २०१९ चे. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचे फायरवॉल क्लाउडवर चालत होते आणि त्याला एक रोल जोडलेला होता. फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीतून बाहेरच्या व्यक्तीने त्या रोलची तात्पुरती ओळख मिळवली. एवढ्यावर थांबले असते तर नुकसान मर्यादित राहिले असते. पण येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या त्या रोलला एस३ च्या बकेटांची यादी काढायची आणि फाइली वाचायची परवानगी होती. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यातून बाहेर गेली, आणि पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. ध्यानात घ्या, तिथे रूट नव्हते. एक जादा परवानगी असलेला साधा रोल होता. आपण तर थेट रूट ठेवतो आहोत.

तिसरा आक्षेप: बॅकअपही त्याच खात्यात

परिपत्रकात 'रोज बॅकअप घेतला जातो' असे आश्वासन आहे. तो त्याच खात्यात घेतला जातो. कोड स्पेसेस नावाची कंपनी लोकांचा सोर्स कोड सांभाळत असे. जून २०१४ मध्ये तिच्या एडब्ल्यूएसच्या कंट्रोल पॅनलमध्ये कोणीतरी घुसले आणि पैसे मागितले. कंपनीने पासवर्ड बदलायला सुरुवात केली, पण घुसलेल्याने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन तयार करून ठेवली होती. आपल्याला बाहेर काढले जात आहे हे दिसताच त्याने हाताला येईल ते पुसायला घेतले: डिस्कचे स्नॅपशॉट, एस३ च्या बकेटा, मशीनच्या प्रतिमा. पॅनल परत ताब्यात आले तोवर बहुतेक डेटा आणि बॅकअप गेलेले होते. कंपनीने धंदा बंद केला. सुमारे १२ तासांचा सगळा प्रकार.

म्हणून बॅकअपची एक प्रत वेगळ्या एडब्ल्यूएस खात्यात हवी, आणि मूळ खात्याला तिथे पुसण्याचा अधिकार नको. आमच्या मते हे रोलच्या नाजूक मांडणीपेक्षाही आधी करण्यासारखे आहे.

आमच्या मागण्या

परिपत्रक मागे घ्यावे आणि पुढची प्रवेशफेरी सुरू होण्याआधी खालील कामे पूर्ण करावीत. क्रम महत्त्वाचा आहे; उलट केल्यास पोर्टल बंद पडेल आणि दोष सुरक्षेवर येईल.

१. महाविद्यालयांच्या कार्यालयांना एडब्ल्यूएसचे कोणतेही लॉगिन देऊ नये. त्यांचे काम अर्ज तपासण्याचे आहे आणि त्यासाठी पोर्टलमध्येच त्यांचे स्वतंत्र लॉगिन असायला हवे. मंडळाच्या संगणक विभागातल्या दोन जणांना एमएफएसह प्रशासकाचे लॉगिन, लेखा विभागाला फक्त बिल पाहण्याचा रोल, ठेकेदाराला नवी आवृत्ती चढवण्यापुरता रोल. ठेकेदार स्वतःच्या एडब्ल्यूएस खात्यातून हा रोल घेईल. प्रत्येक वेळी मिळणारी ओळख तात्पुरती असते, साधारण १ तासाची, आणि करार संपला की तो रोल काढून टाकला म्हणजे झाले. ठेकेदाराच्या रोलमध्ये `iam:PassRole` या, सर्व्हरला रोल जोडू देणाऱ्या परवानगीसमोर `*` असेल तर मात्र हे सगळे फोल आहे: तो प्रशासकाचा रोल एखाद्या नव्या सर्व्हरला जोडून स्वतः प्रशासक होऊ शकतो. तिथे पोर्टलच्या रोलचेच नाव असावे.

२. पोर्टलच्या सर्व्हरला वर दिलेल्या पॉलिसीचा रोल जोडावा आणि `.env` मधली की काढावी. इथे एक हमखास चूक होते. प्रोग्राम आधी `.env` मधून आलेली की पाहतो आणि ती सापडली तर जोडलेल्या रोलकडे वळतच नाही. रोल जोडून झाला, सगळे चालते आहे, आणि वापर मात्र अजून रूटच्या कीचाच. पोर्टल पुन्हा सुरू करून, ते ज्या युजरखाली आणि ज्या सेटिंगसह चालते त्याच स्थितीत हे चालवून पाहावे:

```
aws sts get-caller-identity
```

उत्तरातल्या `Arn` च्या शेवटी `:root` दिसले तर की अजून जिवंत आहे; `assumed-role/` दिसले तर रोल लागू झाला.

३. त्यानंतर रूटची की लगेच डिलीट न करता आधी `Inactive` करावी. निष्क्रिय केलेली की पुन्हा सुरू करता येते, डिलीट केलेली परत येत नाही. ती शेवटची कधी वापरली गेली हे आयएएमच्या क्रेडेन्शियल रिपोर्टमध्ये `<root_account>` च्या ओळीत दिसते. एखादी रात्री चालणारी जुनी स्क्रिप्ट तिच्यावर अवलंबून असेल तर ती या काळात ओरडेल. दोन आठवडे काही बिघडले नाही की डिलीट करावी.

४. मग रूट कुलूपबंद करावे. खात्याचा ईमेल आज ठेकेदाराच्या नावावर आहे. तो मंडळाच्या डोमेनवरचा करावा, कारण ईमेल ज्याच्या हातात, तो पासवर्ड बदलण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. त्या डोमेनचे नूतनीकरणही मंडळाने स्वतः करावे. नवा लांब पासवर्ड ठेवून, क्यूआरवाले जुने एमएफए काढून दोन हार्डवेअर सिक्युरिटी की नोंदवाव्यात. एका खात्याच्या रूटला अशी ८ साधने जोडता येतात. एक अध्यक्षांकडच्या तिजोरीत, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. रूट लागते ती कामे मोजकी आहेत: खात्याचा ईमेल बदलणे, खाते बंद करणे, सर्व प्रशासकांनी चुकून स्वतःचेच अधिकार काढून घेतले तर ते परत देणे, सर्वांना `Deny` करून बसलेली बकेट पॉलिसी काढणे. वर्षातून एकदाही लागेल की नाही शंका आहे. शेवटी प्रशासकाच्या लॉगिनने ही आज्ञा चालवून उत्तर कार्यकारिणीसमोर ठेवावे:

```
aws iam get-account-summary --query "SummaryMap.[AccountAccessKeysPresent,AccountMFAEnabled]"
```

पहिला आकडा ० म्हणजे रूटची की नाही. दुसरा १ म्हणजे एमएफए आहे. आजचे उत्तर १, १ असे येईल, आणि त्यातला दुसरा १ किती पोकळ आहे ते वर सांगितले आहेच.

५. क्लाउडट्रेलची ट्रेल सर्व रीजनसाठी, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरांच्या सर्व विभागांसाठी, सुरू करून नोंदी किमान १८० दिवस ठेवाव्यात, आणि रूटने लॉगिन केल्याबरोबर दोघा पदाधिकाऱ्यांना ईमेल जाईल असा इशारा लावावा. आपला सर्व्हर मुंबई रीजनमध्ये आहे म्हणून इशाराही तिथेच लावला जाईल आणि तो कधीच वाजणार नाही. रूटच्या लॉगिनची नोंद `us-east-1` या अमेरिकेतल्या रीजनमध्ये उमटते. नियम तिथे हवा. लावल्यावर एकदा मुद्दाम रूटने लॉगिन करून ईमेल येतो का ते पाहावे.

एक धोक्याची सूचना ठेकेदारासाठी. एडब्ल्यूएसचा ॲक्सेस ॲनलायझर गेल्या ९० दिवसांपर्यंतच्या नोंदी पाहून 'एवढ्याच परवानग्या लागतात' अशी पॉलिसी सुचवतो. साधन चांगले आहे, पण प्रवेशाचे काम वर्षातून एकदाच होते. फेब्रुवारीत ते चालवले तर जूनमध्ये लागणाऱ्या परवानग्या त्याला दिसणारच नाहीत, आणि ऐन प्रवेशाच्या पहिल्या दिवशी पोर्टल अडेल. शिवाय फाइल वाचण्या-लिहिण्याच्या एस३ मधल्या कृती त्याच्या सूचनेत येत नाहीत. त्या हाताने लिहाव्या लागतात. छाटणी करायची ती प्रवेशफेरी संपल्यावर लगेच.

खर्चाचा मुद्दा पुढे येईल म्हणून सांगतो: आयएएमला एडब्ल्यूएस पैसे घेत नाही. पहिल्या ट्रेलमधल्या व्यवस्थापकीय नोंदींनाही शुल्क नाही, फक्त त्या साठवण्याचे किरकोळ भाडे पडते. उरतात दोन हार्डवेअर की आणि बॅकअपच्या वेगळ्या प्रतीची जागा.

हे काम होत असताना आमच्यापैकी दोघे जण विनामोबदला ठेकेदाराच्या शेजारी बसायला तयार आहेत, मात्र आम्हाला कोणतेही लॉगिन देऊ नये; पडदा दिसला तरी पुरे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि क्रमांक ४ मधल्या आज्ञेचे उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावे, ही विनंती.

आपले,
माहिती-सुरक्षा व क्लाउड क्षेत्रात काम करणारे माजी विद्यार्थी